वर्गात उवा निघाल्या: पुढच्या 17 दिवसांचं गणित

तिसरीच्या वर्गात एका मुलीच्या डोक्यात उवा सापडल्या, असा निरोप शाळेतून आला की पालकांचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात. कुणाच्या डोक्यात? आणि आणल्या कुणी? पहिल्याचं उत्तर बाईंनी देऊ नये, आणि दुसऱ्याचं उत्तर कुणालाच देता येत नाही. कारण पहिल्यांदा उवा झाल्या की डोकं लगेच खाजत नाही. खाज ही उवेच्या लाळेची ॲलर्जी असते, आणि ती अंगात तयार व्हायला चार ते सहा आठवडे जाऊ शकतात. म्हणजे आज जी मुलगी डोकं खाजवताना बाईंना दिसली, तिच्या डोक्यात उवा महिन्यापूर्वी आलेल्या असू शकतात, आणि तिच्या शेजारी बसणारी, जिला काहीच खाजत नाही, तिच्याही डोक्यात आज उवा असू शकतात. म्हणून ‘आमच्या मुलाला काही खाजत नाही’ एवढ्यावर थांबू नका. डोकं बघा.

घाबरण्यासारखं यात काही नाही. डोक्यातल्या उवा रोग पसरवत नाहीत. (अंगावरच्या कपड्यांत राहणाऱ्या उवा वेगळ्या, त्या पसरवतात.) त्यांना पंख नसतात आणि उडीही मारता येत नाही, केस धरून चालणं एवढंच त्यांना जमतं. म्हणून त्या बहुतेक वेळा डोक्याला डोकं लागलं तरच जातात: एका पुस्तकात दोघींनी डोकी घातली, रिक्षात एकमेकींच्या खांद्यावर झोपल्या, सुट्टीत मावसबहिणी एका उशीवर गप्पा मारत राहिल्या. केस स्वच्छ आहेत की मळके, याच्याशी उवेला देणंघेणं नसतं. रोज न्हाणाऱ्या मुलीच्याही डोक्यात त्या तितक्याच आनंदाने राहतात, आणि नुसत्या न्हाण्याने जातही नाहीत, कारण पाण्याखाली त्या तासन्‌तास तग धरतात.

आधी खरंच आहेत का, ते पाहा

वर्गातून निरोप आला म्हणून औषधाची बाटली आणून सगळ्यांच्या डोक्याला फासू नका. जिवंत, चालणारी ऊ सापडली तरच उपचार करायचा. लिखा दिसल्या म्हणजे उवा आहेतच असं नाही, आणि इथेच बहुतेक घरांत गोंधळ होतो.

पूर्ण वाढलेली ऊ साधारण तिळाएवढी असते, दोन ते तीन मिलिमीटर. नुकतीच बाहेर पडलेली टाचणीच्या टोकाएवढी. लीख खसखशीच्या दाण्याहून थोडी लहान, लांबट, आणि केसाच्या एका बाजूला चिकटलेली. मादी ती केसावर एका प्रकारच्या सिमेंटने बसवते. कोंडा आणि लीख यांत फरक करायचा तर तो केस दोन नखांच्या चिमटीत धरा आणि टोकाकडे ओढा. कोंडा घसरतो, नाहीतर फुंकरीने उडतो. लीख जागची हलत नाही. नख तिच्यावर अडतं आणि नेटाने ओढावं लागतं.

आता ती लीख मुळापासून किती लांब आहे ते पाहा. मादी बहुतेक वेळा डोक्याच्या कातडीच्या अगदी जवळ, पाच-सहा मिलिमीटरच्या आत अंडं घालते, कारण ते उबायला डोक्याची ऊब लागते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, आणि अंडं सात ते दहा दिवसांत फुटतं. त्यामुळे मुळापासून दोन सेंटिमीटरवर असलेली पांढरीशुभ्र लीख हे बहुधा रिकामं टरफल असतं, दोन महिन्यांपूर्वीचं. जिवंत अंडं तपकिरी आणि मुळाशी असतं. टरफलं कुणाला काही करत नाहीत. ती दिसायला वाईट दिसतात, म्हणून काढायची तर काढा, पण तेवढ्यासाठी पुन्हा औषध लावू नका.

ऊ शोधायला फणी लागते, साधा कंगवा नाही. दात लांब, सरळ आणि इतके जवळ की मधली फट 0.3 मिलिमीटरच्या आसपास असेल. शक्यतो धातूची घ्या. स्वस्त प्लास्टिकच्या फणीचे दात दाट केसांत वाकतात, फट रुंदावते आणि लहान उवा मधून निसटतात. नुसत्या डोळ्यांनी भांग पाडून बघितलं तर उजेडापासून पळणारी ऊ दिसत नाही. केस हलले की ती बाजूला सरकते. म्हणून केस ओले करायचे. ओल्या केसांत ती काही वेळ जागच्या जागी थिजते.

फणी फिरवायची रीत

सकाळचा उजेड, बाल्कनी किंवा दार, पाठीवर पांढरा टॉवेल, हाताशी एक ओला पांढरा कपडा. केस नेहमीच्या शाम्पूने किंवा शिकेकाईने धुवा, पाणी निथळू द्या, मग भरपूर कंडिशनर लावा. कंडिशनर नसेल तर खोबरेल तेलही चालतं. कंडिशनर काय किंवा तेल काय, उवा मारण्यासाठी नाही. त्याने फणी अडखळत नाही आणि उवेची पकड सैल होते, इतकंच. आधी साध्या कंगव्याने सगळा गुंता सोडवा. हे टाळलं तर फणी दुसऱ्याच फेरीला अडकते, मूल ओरडतं आणि काम तिथेच संपतं.

केसांचे चार भाग करून तीन क्लिपने बांधून ठेवा. उरलेल्या भागातून बोटभर रुंदीची बट घ्या. फणी कातडीला टेकवून मुळापासून टोकापर्यंत एका ओढीत आणा. मुळाशी फणी टेकली नाही तर सगळी मेहनत वाया, कारण उवा तिथेच असतात. प्रत्येक ओढीनंतर फणी त्या पांढऱ्या कपड्यावर पुसा आणि काय निघालं ते बघा. तपकिरी तिळासारखं काही पाय हलवताना दिसलं, तर तेच. कानांमागे आणि मानेवर जिथे केस सुरू होतात तिथे जास्त वेळ द्या. उवा आणि लिखा सगळ्यात जास्त तिथेच सापडतात. सगळं डोकं झालं की केस धुवा आणि ओल्या केसांतून पुन्हा एकदा तशीच फणी फिरवा. खांद्याखाली केस असतील तर अर्धा ते पाऊण तास धरून चाला. घाईत दहा मिनिटांत उरकलेलं डोकं न बघितल्यासारखंच.

घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच दिवशी बघायची. आजीचं आधी, कारण नात तिच्या कुशीत झोपते आणि आजीचं डोकं कुणी बघत नाही. बाबांचे केस बारीक कापलेले असले तरी फणी फिरवून घ्या.

तारखा लिहून ठेवा

एकदा औषध लावून ‘गेल्या’ म्हणणाऱ्या घरी महिन्याभराने उवा परत येतात, आणि दोष शेजारच्या मुलीवर जातो. बहुतेक वेळा दोष कॅलेंडरचा असतो. उदाहरण घेऊ.

समजा, शनिवारी, 5 तारखेला मुलीच्या डोक्यात सहा उवा सापडल्या. घरात आई, बाबा, आजी आणि बालवाडीतला भाऊ. सगळ्यांची डोकी बघितली, आजीच्या डोक्यात दोन निघाल्या, बाकीच्यांची साफ. आता 5 तारखेला फणीने चालत्या उवा सगळ्या काढल्या, तरी मुळाशी अंडी राहिलीच, कारण फणीतून काही लिखा सुटतातच. पिकलेली मादी रोज सहा ते आठ अंडी घालते. शेवटचं अंडं 5 तारखेलाच घातलं असेल, तर ते उशिरात उशिरा 15 तारखेच्या सुमारास फुटेल. बाहेर पडलेलं पिल्लू तीन वेळा कात टाकतं आणि नऊ ते बारा दिवसांत अंडी घालायच्या वयात येतं. तोवर ते फक्त रक्त पितं, पुढची पिढी तयार करत नाही.

याचा अर्थ असा की पिल्लू मोठं व्हायच्या आत त्याला पकडायचं. चार-चार दिवसांनी फणी फिरवली तर प्रत्येक पिल्लाला वयात येण्याआधी किमान दोनदा फणीतून जावं लागतं. म्हणून तारखा अशा: शनिवार 5, बुधवार 9, रविवार 13, गुरुवार 17. आणि सोमवारी, 21 तारखेला शेवटची तपासणी. सोमवारी एकही चालती ऊ निघाली नाही, तर काम झालं. 5 पासून 21 पर्यंत हे 17 दिवस होतात. ज्यांच्या डोक्यात सापडल्या त्या दोघींची फणी या चारही दिवशी. बाकीच्यांची डोकी त्या-त्या दिवशी बघून घ्यायची. एखादी ऊ निघाली तर त्या माणसाचा तो पहिला दिवस.

यातला बुधवार सगळ्यात जास्त चुकतो. शाळा, क्लास, दमलेली आई, आणि डोकं खाजायचं थांबलेलं. खाज थांबली म्हणजे उवा गेल्या, असं वाटतं. पण खाज लाळेची असते. मोठ्या उवा निघाल्या की ती कमी होते आणि अंडी मात्र शांतपणे उबत असतात. उलट, सगळं साफ झाल्यावरही आठवडा-दोन आठवडे खाज राहू शकते. म्हणून खाजेवर विश्वास ठेवू नका, फणीवर ठेवा.

औषध लावायचंच असेल तर

नुसत्या फणीनेही काम होतं, फक्त चारही दिवस चिकाटी लागते. दाट, कुरळे, कमरेपर्यंतचे केस असतील किंवा उवा खूप असतील, तर औषधाची जोड घ्या. औषधाच्या दुकानात परमेथ्रिन 1 टक्का असलेलं लोशन किंवा क्रीम रिन्स मिळतं. टक्केवारी वाचून घ्या. 5 टक्क्यांचं परमेथ्रिन क्रीम खरजेचं असतं, ते डोक्याचं नाही.

लावायची पद्धत साधी आहे, पण ती एका ठिकाणी हमखास चुकते. आपल्याकडे डोक्याला तेल असतं, आणि तेलावरच लोशन लावलं जातं. तेल किंवा कंडिशनर केसावर थर देतं आणि औषध उवेपर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून आधी साध्या शाम्पूने तेल पूर्ण काढा, कंडिशनर लावू नका, टॉवेलने केस टिपून ओलसर ठेवा. मग लोशन मुळापासून टोकापर्यंत, कानांमागे आणि मानेवर भिजेल इतकं लावा. कमरेपर्यंतच्या केसांना एक बाटली पुरत नाही. पुरवून-पुरवून लावलं तर टाळूवरच्या उवा मरतात आणि मानेवरच्या वाचतात. डोळ्यांवर सुका टॉवेल धरा. 10 मिनिटं घड्याळ लावून थांबा, मग धुवा. अर्धा तास ठेवलं म्हणून जास्त मरत नाहीत. वेष्टणावर वेगळी वेळ दिली असेल तर ती पाळा. पुढचे एक-दोन दिवस शाम्पू नको.

परमेथ्रिन चालत्या उवा मारतं, न फुटलेली अंडी मारत नाही. त्यामुळे दुसरा डोस लागतोच, पहिल्यानंतर सात ते दहा दिवसांच्या मध्ये. वरच्या उदाहरणात तो रविवारी, 13 तारखेला येतो. मधल्या फण्या चालूच ठेवा, पण 13 ला फणी फिरवल्यावर कंडिशनर किंवा तेल शाम्पूने पूर्ण धुऊन मगच लोशन लावा.

पहिल्या डोसनंतर आठ ते बारा तासांनी फणी फिरवून बघा. उवा मेलेल्या किंवा रेंगाळत असतील तर औषध लागू पडलंय; लगेच पुन्हा लावू नका. त्या पूर्वीसारख्याच तुरुतुरु पळत असतील तर त्या उवांवर हे औषध चालत नाही. अनेक ठिकाणी उवा परमेथ्रिनला दाद देत नाहीत. तेव्हा तीच बाटली दुप्पट ओतण्याऐवजी बालरोगतज्ज्ञांकडे जा. त्यांच्याकडे दुसरे उपाय असतात, उदाहरणार्थ आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या. पण त्या वजनावर ठरतात आणि 15 किलोच्या आतल्या मुलांना सहसा देत नाहीत, तेव्हा घरातली उरलेली गोळी अर्धी करून देऊ नका. दोन वर्षांच्या आतलं बाळ असेल, किंवा आई गरोदर अथवा अंगावर पाजणारी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध नको, फणी चालते. दुकानदाराने लिंडेन, म्हणजेच गॅमा बेंझिन हेक्झाक्लोराइड पुढे केलं तर मुलांसाठी घेऊ नका. ते मेंदू आणि नसांवर परिणाम करतं, झटके येऊ शकतात.

घरचे उपाय, आणि त्यातले धोक्याचे

सीताफळाच्या बियांची पूड हा आपल्याकडचा जुना उपाय. ती उवा मारते हे खरं, पण तिचा एक कण ओल्या केसांतून ओघळून डोळ्यात गेला तर बुबुळाला जखम होते. तीव्र आग, सूज, उजेड सहन न होणं अशी मुलं डोळ्यांच्या दवाखान्यात येतात. एका आठवड्याच्या खाजेसाठी ही किंमत देऊ नये. गेलाच कण, तर डोळा न चोळता वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

रॉकेल तर नकोच. कातडी भाजते, वास फुप्फुसात जातो, आणि देवघरातला दिवा दोन हातांवर असतो. झुरळं मारायचा खडू किंवा फवारा डोक्यावर मारण्याचे प्रकारही होतात. ती कीटकनाशकं कातडीवर लावायची नाहीत. कापूर घातलेलं तेल लहान मुलाच्या तोंडात गेलं तर झटके येऊ शकतात. कडुनिंबाचा पाला वाटून लावला तर नुकसान बहुधा काही नाही, पण त्याच्या भरवशावर बुधवारची फणी चुकवू नका.

मुलीचं चकोट करायचीही गरज नसते. केस कापल्यावर फणी लवकर फिरते हे खरं, पण टक्कल करून शाळेत पाठवलेल्या मुलीला वर्गात काय ऐकावं लागतं ते उवांपेक्षा जास्त दिवस राहतं.

घर धुऊन काढण्याबद्दल थोडक्यात. डोक्यावरून पडलेली ऊ एक-दोन दिवसांत उपाशी मरते, आणि गळलेली लीख ऊब नसल्याने फुटून जगत नाही. म्हणून गाद्या उन्हात घालणं, पडदे धुणं, घरात फवारणी हे सगळं फुकटचे कष्ट. गेल्या दोन दिवसांत वापरलेले उशीचे अभ्रे, टॉवेल, ओढणी, टोपी एवढं कडकडीत पाण्यात धुवा आणि उन्हात वाळवा. जे धुता येत नाही, म्हणजे मऊ खेळणं किंवा हेल्मेट, ते पिशवीत बांधून दोन आठवडे बाजूला ठेवा. फण्या आणि कंगवे वाफाळत्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा. शाळेने बाकांवर औषध मारू नये. बाकावर उवा राहत नाहीत.

शाळा

मुलाला घरी बसवायचं कारण नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स, हेच सांगते: उवा किंवा लिखा आहेत म्हणून निरोगी मुलाला शाळेबाहेर ठेवू नये. सापडल्या त्या दिवशी शाळा पूर्ण करून घरी यावं, संध्याकाळी फणी फिरवावी, दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळा. या 17 दिवसांत लांब केसांच्या दोन घट्ट वेण्या घालून वर बांधा. मोकळे केस दुसऱ्याच्या केसांना लागतात. कंगवा, रिबिनी, हेअरबँड आपले आपले. बाईंना एवढंच सांगा की आमच्याकडे निघाल्या, उपचार चालू आहे. त्यांनी नाव न घेता वर्गाला एक तारीख द्यावी: या रविवारी सगळ्यांनी आपापल्या घरी डोकी बघा. अर्ध्या घरांनी या आठवड्यात आणि उरलेल्यांनी पुढच्या महिन्यात बघितलं, तर उवा या वर्गातून त्या घरात फिरतच राहतात.

खाजवून कातडीला जखम झाली, पिवळी खपली किंवा पू आला, मानेमागे गाठी दुखू लागल्या किंवा ताप आला, तर ते जखमेतलं जंतूंचं संक्रमण असतं. त्याला डॉक्टरांचं औषध लागतं, उवांचं लोशन नाही.

आणि 17 किंवा 21 तारखेला पुन्हा ऊ निघालीच, तर ती पुसून फेकण्याआधी आकार बघा. सगळ्या टाचणीच्या टोकाएवढ्या लहान असतील, तर त्या राहिलेल्या अंड्यांतून आल्या आहेत; एखादी फणी चुकली किंवा मुळापर्यंत टेकली नाही. त्या दिवसापासून पुन्हा चार-चार दिवसांच्या तारखा टाका. पण तिळाएवढी पूर्ण वाढलेली एकटी मादी निघाली, तर मधल्या सगळ्या फण्या नीट झाल्या असताना ती तुमच्या घरात वाढलेली नसणार. ती नुकतीच दुसऱ्या डोक्यावरून चालत आली आहे. अशा वेळी मुलगी कुणाच्या शेजारी बसते, रिक्षात कुणाबरोबर येते, रविवारी कुणाकडे खेळायला गेली होती, तेवढ्या दोन-तीन घरी फोन करा आणि सांगा, “आमच्याकडे एक निघाली, तुम्हीही आज बघून घ्या.”